आर्बिट्राज फंड : सटोडियांच्या व्याजावर चालणारी योजना

आर्बिट्राज फंड शेअर विकत घेतो आणि त्याच वेळी तेवढेच शेअर वायद्यात विकून टाकतो. खरेदी आजच्या भावाने होते. विक्री महिन्याभराने द्यायच्या भावाने होते आणि हा भाव बहुधा थोडा चढा असतो. या दोन भावांतला फरक हे फंडाचे उत्पन्न. दोन्ही व्यवहार एकाच क्षणी झालेले असल्यामुळे पुढे शेअर वाढला काय किंवा पडला काय, हा फरक तेवढाच हाती येतो. म्हणूनच सगळा व्यवहार शेअरबाजारात होऊनही या योजनेची जोखीम शेअरच्या योजनेसारखी नसते. भारतात अशा योजनांमध्ये आज दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम आहे.

दोन बाजार, एक शेअर

राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, मोठ्या कंपन्यांच्या शेअरचे दोन ठिकाणी व्यवहार होतात. पहिला रोख बाजार, ज्याला दलाल लोक ‘कॅश’ म्हणतात. इथे पूर्ण पैसे मोजायचे आणि शेअर आपल्या डिमॅट खात्यात घ्यायचा. दुसरा वायदेबाजार, म्हणजेच ‘फ्युचर्स’. इथे आज फक्त भाव ठरतो, शेअर आणि पैसे यांची देवाणघेवाण ठरलेल्या दिवशी होते. त्या दिवसाला एक्स्पायरी म्हणतात. कोणत्याही वेळी चालू महिना, पुढचा महिना आणि त्यानंतरचा महिना असे तीन वायदे उपलब्ध असतात. भारतात एकेका कंपनीच्या शेअरचे फ्युचर्स नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाले.

वायद्याचा भाव रोख भावापेक्षा चढा का असतो, हे समजले की आर्बिट्राज फंडाचे बरेचसे गूढ उकलते. एखाद्याला वाटते की अमुक शेअर या महिन्यात वाढणार. सहा लाखांचे शेअर रोखीत घ्यायचे तर सहा लाख रुपये लागतील. फ्युचर्समध्ये तेवढ्याच शेअरची खरेदी लाख-सव्वा लाखाच्या आसपासच्या मार्जिनवर करता येते. उरलेली रक्कम त्याला उभी करावी लागत नाही. पण फुकट काहीच मिळत नाही. न भरलेल्या पैशांचे व्याज वायद्याच्या चढ्या भावातून वसूल होते. तेजीवाले जितके अधिक आणि बाजारातले व्याजदर जितके चढे, तितका हा फरक मोठा.

समोरच्या बाजूला आर्बिट्राज फंड असतो. तो स्वतःचे पैसे घालून शेअर घेतो, महिनाभर सांभाळतो आणि तेजीवाल्याला वायद्यात विकतो. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने तो तेजीवाल्याला पैसे पुरवत असतो आणि तारण म्हणून शेअर त्याच्याच ताब्यात असतात.

मुंबईच्या शेअरबाजाराला हा धंदा नवा नाही. दलाल स्ट्रीटवर अनेक वर्षे ‘बदला’ पद्धत चालली. सौदा पुढच्या हप्त्यावर ढकलायचा असेल, तर तेजीवाला बदला-फायनान्सरकडून पैसे घेई आणि त्याचे व्याज, म्हणजे बदल्याचा दर, शनिवारच्या खास सत्रात ठरे. मंदीवाल्यांचा जोर असला की गणित उलटे होई आणि तेजीवाल्यालाच पैसे मिळत. त्याला ‘उंधा बदला’ म्हणत. जुलै २००१ मध्ये सेबीने बदला बंद केला आणि त्याच वर्षी शेअर फ्युचर्स आले. सौद्यांना पैसा पुरवणारा जुना फायनान्सर गेला आणि पुढे त्याच्या जागी आर्बिट्राज फंड उभे राहिले. फरक इतकाच की आता सौद्याची हमी बाजाराचे क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते.

एका सौद्याचा हिशेब

समजा, एका कंपनीचा शेअर रोखीत १,००० रुपयांना आहे आणि २८ दिवसांनी संपणारा त्याचा वायदा १,००७ रुपयांना आहे. एका लॉटमध्ये ६०० शेअर आहेत. फंड ६०० शेअर ६ लाख रुपयांना घेतो आणि त्याच क्षणी एक लॉट ६,०४,२०० रुपयांना विकतो. फरक ४,२०० रुपये, म्हणजे ०.७ टक्के. २८ दिवसांचा हा दर वर्षाला सुमारे ९.१ टक्के पडतो.

एक्स्पायरीच्या दिवशी वायद्याचा भाव रोख भावाला येऊन मिळतो. हा योगायोग नव्हे. त्या दिवशी सौद्याचा निकाल रोख बाजारातल्या बंद भावानेच लागतो. शेअर १,१०० रुपयांवर गेला असेल, तर रोखीतल्या खरेदीवर ६०,००० रुपये फायदा होतो. वायद्यात १,००७ ला विकलेले १,१०० ला मिटवावे लागल्याने ५५,८०० रुपये तोटा होतो. उरतात ४,२०० रुपये. उलट शेअर ९०० रुपयांवर घसरला, तर शेअरवर ६०,००० रुपये तोटा आणि वायद्यावर ६४,२०० रुपये फायदा. पुन्हा उरतात ४,२०० रुपयेच.

यातून खर्च वजा होतो आणि इथे हिशेब बारकाईने पाहावा लागतो. शेअर प्रत्यक्ष घेताना आणि विकताना प्रत्येकी ०.१ टक्का रोखे व्यवहार कर, म्हणजे एसटीटी, लागतो. सहा लाखांवर हे दोन वेळचे १,२०० रुपये झाले. खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ९० रुपये. फ्युचर्सच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झालेल्या ०.०२ टक्के दराने सुमारे १२० रुपये. इतर किरकोळ आकार धरले की १,४०० रुपयांच्या आसपास खर्च होतो. म्हणजे ४,२०० रुपयांतला तिसरा हिस्सा केवळ कर आणि शुल्कात जातो.

म्हणून कसलेला फंड व्यवस्थापक दर महिन्याला शेअर विकत नाही, तो वायदा पुढे ढकलतो. एक्स्पायरीच्या आठवड्यात चालू महिन्याचा वायदा परत घ्यायचा आणि त्याच वेळी पुढच्या महिन्याचा विकायचा, याला ‘रोलओव्हर’ म्हणतात. समजा, तेव्हा शेअर आणि चालू वायदा दोन्ही १,०६० वर आहेत आणि पुढचा वायदा १,०६७ वर. रोलओव्हर केला की आणखी सात रुपये बांधले जातात आणि शेअर जागचा हलत नाही. खर्च होतो तो फक्त फ्युचर्सचा, साधारण दीडशे रुपये. भाव हजाराच्या आसपास आणि फरक सात रुपयेच राहिला असे धरून सहा महिन्यांचा हिशेब केला, तर दर महिन्याला सगळा सौदा मोडणाऱ्याचे सुमारे साडेआठ हजार रुपये खर्चात जातात. रोलओव्हर करणाऱ्याचे दोन हजारांच्या थोडे वर जातात. दोघांचे ढोबळ उत्पन्न तेच, २५,२०० रुपये. एसटीटीचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात आणि दर वाढला की या योजनांचा परतावा तेवढ्याने घटतो.

फंडाच्या पेटीत काय असते

सेबीने ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने म्युच्युअल फंडांच्या योजनांची वर्गवारी केली. त्यात आर्बिट्राज फंड ‘हायब्रिड’ गटात येतो आणि किमान ६५ टक्के रक्कम शेअर व तत्सम साधनांत ठेवण्याचे बंधन त्याच्यावर आहे. प्रत्यक्षात शेअरमधला हिस्सा साधारण ६५ ते ७५ टक्के असतो. उरलेली रक्कम बँकांच्या मुदत ठेवी, ट्रेझरी बिले, अल्प मुदतीचे कर्जरोखे आणि लिक्विड फंड यांत असते.

हा उरलेला भाग निष्क्रिय पडलेला नसतो. वायदा विकण्यासाठी फंडालाही मार्जिन द्यावे लागते आणि त्यासाठी ठेवी व सरकारी रोखे तारण ठेवता येतात. याखेरीज रोख रकमेची गरज रोज असते, कारण वायद्याचा नफा-तोटा रोजच्या रोज चुकता होतो. शेअर एका दिवसात ५० रुपयांनी वाढला, तर वरच्या सौद्यात फंडाला त्या दिवशीच ३०,००० रुपये बाजारात भरावे लागतात. शेअरवर झालेला तेवढाच फायदा मात्र कागदावरच असतो. म्हणजे आर्बिट्राज फंडाच्या रोकडीवर ताण येतो तो बाजार चढताना, उतरताना नव्हे.

फंडाचा एकूण परतावा या दोन भागांच्या मिश्रणातून तयार होतो. एका भागावर रोख आणि वायदा यांतला फरक मिळतो, दुसऱ्यावर अल्प मुदतीचे व्याज. दोन्हींचे मूळ बाजारातल्या व्याजदरात असल्याने परतावाही त्याच्यामागे चालतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, त्या २०२१ सालात या योजनांनी साधारण ४ टक्क्यांच्या आसपास परतावा दिला. २०२३ मध्ये रेपो ६.५ टक्क्यांवर गेल्यावर तो ७ टक्क्यांच्या घरात पोहोचला. मधल्या काळात शेअरबाजाराने काय केले, याच्याशी या आकड्यांचा थेट संबंध नाही.

योजना खरोखर आर्बिट्राजच करते आहे का, हे मासिक पोर्टफोलिओ पाहून ताडता येते. प्रत्येक शेअरच्या नावासमोर एक खरेदीची रक्कम आणि जवळपास तेवढीच वायद्याची ऋण रक्कम दिसली पाहिजे. दोन्हींची वजाबाकी शून्याच्या आसपास यावी. ती ठळकपणे धन असेल, तर फंडाने शेअरचा काही भाग उघडा ठेवला आहे. कर्जरोख्यांच्या यादीत कमी पतमानांकनाचे रोखे असतील, तर ती जोखीमही आर्बिट्राजची नव्हे, उधारीची आहे.

परतावा कुठे अडखळतो

पहिली अडचण रोजच्या मूल्यांकनाची. फंडाची एनएव्ही रोजच्या बंद भावांवर काढली जाते. फंडाने १,००७ ला वायदा विकल्यानंतर दोन दिवसांनी शेअर १,००० वरच राहिला, पण तेजीवाल्यांची गर्दी होऊन वायदा १,०१० वर गेला, तर त्या दिवशी प्रतिशेअर तीन रुपये तोटा दिसतो. हा तोटा टिकणारा नसतो. एक्स्पायरीला वायदा रोख भावाला भिडणारच आणि ठरलेले सात रुपये मिळणारच. पण मधल्याच दिवशी बाहेर पडणाऱ्याला तो सोसावा लागतो. त्यामुळे एखाद्या दिवशी किंवा आठवड्यात या योजनेची एनएव्ही खाली येऊ शकते. तीन महिन्यांच्या अवधीत असे चढउतार बहुधा जिरून जातात. शिवाय अनेक योजना ठरावीक दिवसांच्या, बहुतेक वेळा महिन्याभराच्या, आत पैसे काढल्यास पाव टक्का निर्गमन शुल्क लावतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. तेजीवाले बाजारातून निघून गेले की व्याज देणारेच उरत नाहीत. मार्च २०२० मध्ये तेच झाले. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक कोसळला. फ्युचर्समध्ये विकणाऱ्यांची रीघ लागली आणि अनेक शेअरचे वायदे रोख भावाच्याही खाली गेले. अस्थिरता आवरण्यासाठी सेबीने त्याच सुमारास मार्जिन वाढवले आणि वायद्यांतील मर्यादा घटवल्या.

वायदा रोख भावाच्या खाली गेला, की उलटा सौदा करावा असे सुचते : महाग शेअर विकायचा आणि स्वस्त वायदा घ्यायचा. पण त्यासाठी हातात शेअर हवा. नसलेला शेअर विकण्याची, म्हणजे शॉर्ट सेलिंगची, वाट भारतातले म्युच्युअल फंड रोख बाजारात सहसा धरत नाहीत. त्यामुळे नव्याने आलेला पैसा अशा वेळी शेअरमध्ये लावण्याजोगा सौदाच मिळत नाही आणि तो ठेवींत पडून राहतो. आधीपासून असलेल्या सौद्यांना मात्र या घसरणीचा लाभच होतो. १,००७ ला विकलेला वायदा, शेअर ८०० वर असताना ७९५ ला परत घेता आला, तर सात रुपयांऐवजी बारा रुपये मिळतात आणि तेही एक्स्पायरीची वाट न पाहता. पडत्या बाजारात जुन्या गुंतवणूकदाराला अनपेक्षित फायदा आणि नव्याला जेमतेम परतावा, असे चित्र यामुळे दिसते.

एक अपवाद इथे ध्यानात ठेवायला हवा. कंपनी लाभांश देणार असेल, तर वायदा तेवढ्याने खाली राहतो. तो डिस्काउंट नुसता भास असतो, कारण शेअर फंडाच्या ताब्यात असल्याने लाभांश फंडालाच मिळतो.

तिसरी अडचण गर्दीची. फरक मिळतो तो तेजीवाल्यांच्या मागणीमुळे आणि ही मागणी अमर्याद नसते. शिवाय प्रत्येक शेअरमध्ये वायद्याचे सौदे किती असावेत याला बाजाराने मर्यादा घातली आहे. फंडांकडे पैसा मोठ्या प्रमाणावर वाहू लागला, की मोजक्या तेजीवाल्यांना पैसे पुरवायला बरेच जण उभे राहतात आणि सगळ्यांनाच दर कमी मिळतो. गेल्या वर्षीचा परतावा पाहून आलेला पैसाच पुढच्या वर्षीचा परतावा कमी करत असतो.

कराचे गणित

किमान ६५ टक्के रक्कम शेअरमध्ये असल्याने आर्बिट्राज फंडाला शेअर फंडाप्रमाणे कर लागतो. २३ जुलै २०२४ पासून एका वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकल्यास शेअर व शेअर फंडांवरील दीर्घकालीन नफ्याचे पहिले सव्वा लाख रुपये करमुक्त असतात आणि त्यावर १२.५ टक्के कर लागतो. त्याउलट मुदत ठेवीचे व्याज आणि १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा उत्पन्नात मिळवला जातो आणि त्यावर ज्याच्या त्याच्या टप्प्याचा दर लागतो.

समजा, ३० टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीने ५ लाख रुपये एका वर्षाहून थोड्या अधिक काळासाठी ठेवले. ठेवीवर ७ टक्क्यांनी ३५,००० रुपये व्याज मिळाले. उपकरासह ३१.२ टक्के कर वजा जाता २४,०८० रुपये हाती राहतात. आर्बिट्राज फंडाने ६.५ टक्केच दिले, म्हणजे ३२,५०० रुपये, तर अन्य दीर्घकालीन नफा नसल्यास त्यावर काहीच कर नाही. वर्षाच्या आत काढले तरी २०.८ टक्के कर जाऊन तेवढ्याच नफ्यातले २५,७४० रुपये उरतात.

कमी उत्पन्न असलेल्यांसाठी हेच गणित उलटते. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. पण ही सवलत विशेष दराने कर लागणाऱ्या भांडवली नफ्याला लागू नाही. त्यामुळे निवृत्त व्यक्तीचे ठेवीवरचे व्याज पूर्ण करमुक्त राहू शकते, तर आर्बिट्राज फंडातून वर्षाच्या आत झालेल्या नफ्यावर तिलाच २० टक्के कर भरावा लागू शकतो. व्याजासारखे उत्पन्न शेअरच्या दराने करपात्र होणे ही या योजनेची मोठी सोय आहे, पण ती सर्वांसाठी नाही.

हा सौदा घरबसल्या स्वतःच करावा, असे काहींना वाटते. त्यातही कराचीच अडचण आहे. म्युच्युअल फंडाला सौद्यांच्या नफ्यावर कर लागत नाही. व्यक्तीच्या बाबतीत वायद्याचा नफा व्यवसायाचे उत्पन्न ठरतो, तर गुंतवणूक म्हणून घेतलेल्या शेअरचा तोटा हा भांडवली तोटा. शेअर ९०० वर पडलेल्या वरच्या उदाहरणात वायद्याच्या ६४,२०० रुपयांवर कर लागेल आणि शेअरचा ६०,००० रुपयांचा तोटा त्यातून वजा करता येणार नाही. खरी कमाई ४,२०० रुपये आणि कर त्याच्या कितीतरी पट, अशी वेळ येऊ शकते.

निवड करताना

सर्व आर्बिट्राज फंड त्याच बाजारात तेच सौदे करत असल्यामुळे त्यांच्या ढोबळ परताव्यात फार अंतर नसते. अंतर पडते ते खर्चामुळे. वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनचा वार्षिक खर्च साधारण एक टक्क्याच्या आसपास असतो, तर डायरेक्ट प्लॅनचा त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. १२ टक्के देणाऱ्या योजनेत अर्धा टक्का नजरेआड होतो, ७ टक्के देणाऱ्या योजनेत तो उत्पन्नाचा चौदावा हिस्सा असतो. त्यामुळे या गटात गेल्या वर्षीच्या क्रमवारीपेक्षा खर्चाचे प्रमाण, कर्जरोख्यांची प्रत आणि निर्गमन शुल्काचा कालावधी या तीन गोष्टी अधिक उपयोगी पडतात.

तीन महिन्यांपासून साधारण दोन वर्षांपर्यंत बाजूला ठेवायच्या रकमेसाठी, आणि वरच्या करटप्प्यातील व्यक्तीसाठी, आर्बिट्राज फंड ठेवीला चांगला पर्याय ठरतो. आठवड्याभरात लागणारे पैसे, ठरावीक परताव्याची गरज असलेले पैसे आणि दहा-पंधरा वर्षांत महागाईवर मात करायची असलेले पैसे यांची ही जागा नाही. शेअरबाजाराच्या वाढीत या फंडाला वाटा नसतो. तिथल्या तेजीवाल्यांनी दिलेले व्याज, एवढीच त्याची कमाई आहे आणि त्याच मापाने ती जोखली पाहिजे.